सूचीत ‘व्हान’, ‘द’, ‘अल’, ‘बिन’वाली नावं कुठल्या अक्षराखाली लावायची?

चाटीगल्ली

नमस्कार मंडळी. मी सोलापुरात डीटीपीचं काम करतो. लग्नपत्रिका, वह्यांची कव्हरं, अधूनमधून एखादं पुस्तक. सध्या एका निवृत्त इतिहासाच्या सरांचं पुस्तक लावतोय. विषय आहे दख्खनमधल्या जुन्या व्यापारी वाटा आणि त्यावरून गेलेले परदेशी प्रवासी. मजकूर झाला, नकाशे झाले, आता शेवटी व्यक्तिनामसूची राहिली आहे. ४१२ नावं आहेत.

मी सगळी नावं एक्सेलमध्ये टाकली, आडनाव आधी केलं आणि अ ते ह सॉर्ट मारला. प्रूफ काढलं तर ‘द’ खाली ही रांग लागली: द आल्बुकेर्क, द ओर्ता, द गामा, द थेवनो, द बारोस, दो कौतो. शेजारी ‘अ’ खाली अल-बिरूनी, अल-मसूदी आणि त्यांच्या मांडीला मांडी लावून अब्दुर रझाक. ‘व्हान लिन्सखोटन’ व मध्ये.

सर म्हणाले, “अरे, हे द म्हणजे आडनाव आहे का? गामा शोधणारा माणूस द मध्ये कशाला जाईल?” मी म्हटलं सर, मग अल पण काढू का? ते म्हणाले, “विचारून बघ कुणाला तरी.” म्हणून इथे विचारतोय. असल्या नावांना काही नियम आहे की ज्याची त्याची मर्जी?

गड्ड्यावरचा

मर्जी. पुढचा प्रश्न.

भाकरीतज्ज्ञ

काय बे चाटीगल्ली, ४१२ नावं हाताने टाकलास? तुला सर चहा तरी पाजतात का?

चाटीगल्ली

चहा पाजतात. पैसे अजून नाहीत.

नवीपेठकर

नियम एकदम सोपा आहे. मी ग्रंथालयशास्त्राचा प्रमाणपत्र कोर्स केलाय, तिथे शिकवलं होतं. द, व्हान, फोन, अल हे सगळे उपसर्ग आहेत. उपसर्ग उचलायचे आणि स्वल्पविरामानंतर मागे टाकायचे. ‘गोएटे, योहान वोल्फगांग फोन’. ‘गामा, वास्को द’. झालं. डोळे मिटून सगळीकडे लावा.

प्रूफवाचक

डोळे मिटून लावलंत तर डी मॉर्गन ‘म’ मध्ये जाईल. बारावीच्या गणितात ‘डी मॉर्गनचे नियम’ सगळ्यांनी घोकलेत. त्याला कोणी ‘मॉर्गनचे नियम’ म्हटलेलं ऐकलंय का?

नवीपेठकर

बोलण्यात काहीही म्हणतात. सूची वेगळी.

सूचीघर

नवीपेठकर, तुमचं अर्धं बरोबर आहे. तीसेक वर्षं तालिका करण्यात गेली, म्हणून थोडं लांबण लावते.

उपसर्ग कुठला आहे यावरून ठरत नाही, माणूस कुठल्या भाषेतला आहे यावरून ठरतं. त्या त्या देशातले लोक आपापल्या यादीत ते नाव कुठे शोधतात, तिथेच आपणही लावायचं, असं या सगळ्या नियमांचं मूळ आहे. म्हणून एकाच ‘डी’चं दोन जागी दोन तऱ्हेने होतं.

ऑगस्टस डी मॉर्गन मदुराईत १८०६ साली जन्मला, पण माणूस इंग्रज. इंग्रजीत नाव स्थिरावलं की उपसर्ग आडनावात मुरतो, तो वेगळा काढत नाहीत. म्हणून ‘डी मॉर्गन, ऑगस्टस’, ड मध्ये. आता महादजी शिंद्यांच्या कवायती फौजेचा डी बॉइन घ्या. तोही मराठीत ‘डी’च. पण हा फ्रेंच भाषेतला, शांबेरीचा. फ्रेंचमध्ये नुसता ‘द’ असेल तर तो मागे जातो. म्हणून ‘बॉइन, बेन्वा द’, ब मध्ये. देवनागरीत दोघांचा डी सारखा दिसतो आणि दोघे दोन वेगळ्या पानांवर जातात.

चाटीगल्ली, तुमच्या यादीतले पोर्तुगीज सगळे उपसर्ग सोडतात. गामा, ओर्ता, बारोस, कौतो, आल्बुकेर्क. ‘द’ असो की ‘दो’ की ‘दा’, फरक नाही. थेवनो फ्रेंच, तोही सुटला. लिन्सखोटन डच, तोही सुटला. इथपर्यंत नवीपेठकरांचा नियम चालतो, म्हणूनच तो फसवा आहे.

नवीपेठकर

म्हणजे सातपैकी सात माझेच बरोबर निघाले की! 🙂

सूचीघर

आठवा पिएत्रो देल्ला वाल्ले आहे का यादीत? १६२३ च्या सुमारास पश्चिम किनाऱ्यावर होता, अशा पुस्तकात असणारच.

चाटीगल्ली

आहे! मी त्याला ‘वाल्ले’ करून ठेवलाय.

सूचीघर

परत ‘देल्ला’ करा. इटालियन आडनावात उपसर्ग पुढेच राहतो. अपवाद फार जुन्या नावांचे, मेदिची घराण्यासारखे. देल्ला वाल्लेला ग्रंथालयं द खालीच लावतात.

आणि फ्रेंचमध्ये एक पोटभेद आहे तो इथेच सांगून टाकते. ‘द’ सुटतो, पण ‘ला’, ‘ल’, ‘द्यू’ सुटत नाहीत. १७४६ साली इंग्रजांकडून मद्रास घेणारा माहे द ला बूर्दोने. याच्यातला ‘द’ मागे गेला आणि ‘ला’ पुढे राहिला. ‘ला बूर्दोने’, ल मध्ये. ब मध्ये नाही आणि द मध्येही नाही.

भाकरीतज्ज्ञ

एका माणसाच्या आडनावाचे दोन तुकडे, एक पुढे एक मागे. आमच्या वाड्याच्या वाटण्यापण अशाच झाल्या.

फुटबॉलवेडा_सोलापूर

मला एक विचारायचंय. रॉबिन व्हान पर्सी आणि केव्हिन डी ब्राउने यांना पण हेच लागू का? मी स्टिकर अल्बम लावतो आडनावानुसार 😅

सूचीघर

तुम्ही नकळत सगळ्यात अवघड जोडी काढलीत. पर्सी डच, म्हणून प. डी ब्राउने बेल्जियमचा, म्हणून ड. भाषा जवळपास तीच, डच. पण नेदरलँड्समध्ये फोनच्या यादीत व्हान पर्सी ‘प’ मध्ये सापडेल आणि सीमा ओलांडून बेल्जियममध्ये गेलात की सगळे व्हान आणि डी आपापल्या उपसर्गाखाली एकत्र बसलेले. बेल्जियमच्या पुस्तकात ‘व्ही’चा भाग म्हणूनच जाड होतो.

दक्षिण आफ्रिकेचे आफ्रिकान्स बोलणारेही उपसर्ग पुढे ठेवतात. एबी डिव्हिलियर्स ‘ड’ मध्येच. मराठी वर्तमानपत्रांनी ते एक शब्द करून आपलं काम सोपं केलंय.

प्रूफवाचक

इथे एक गोष्ट कुणी बोललं नाही म्हणून सांगतो. रोमन लिपीत छपाईतच एक खूण मिळते. बेल्जियमवाला De Bruyne असं मोठं डी लिहितो, डच माणूस Robin van Persie असं छोटं व्ही लिहितो. इंग्रजीतले De Morgan, Van Buren मोठ्या अक्षराने. खूण शंभर टक्के नाही. डच लोकच पहिलं नाव नसेल तेव्हा Van Persie असं मोठं करतात, त्यामुळे वाक्यातून उचललेलं नाव फसवतं. तरी काहीतरी हाती लागतं.

आपल्या लिपीला मोठं-छोटं अक्षर नाहीच. ‘व्हान’ म्हटलं की संपलं. म्हणून मराठी सूची करणाऱ्याला माणूस कोण हे मूळ रोमन लिखाणात उघडून बघावंच लागतं. चाटीगल्ली, सरांकडे मूळ संदर्भयादी असेल. ती मागून घ्या, देवनागरीवरून ठरवू नका.

चाटीगल्ली

सरांची संदर्भयादी पण मराठीतच आहे. हाताने लिहिलेली. निळ्या शाईत.

प्रूफवाचक

मग चहा वाढवून मागा.

बोल्लीताई

मला वाटतं आमचा प्रश्न यापेक्षा अवघड आहे. आम्ही तेलुगू पद्मशाली, सोलापुरात चार पिढ्या. आमच्यात घराचं नाव आधी आणि माणसाचं नाव नंतर लिहायची रीत. शाळेत कुणी तेच नाव ‘स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव’ असं समजून भरलं, तर आडनावाच्या रकान्यात भलतंच नाव जातं. माझ्या भावाच्या दोन कागदांवर दोन आडनावं आहेत. यादीत एका ठिकाणी तो ‘ब’ मध्ये आणि दुसऱ्या ठिकाणी ‘न’ मध्ये. त्याबद्दल काही नियम आहे का? कार्यालयात फेऱ्या मारून चपला झिजल्या.

गड्ड्यावरचा

ताई, धागा परदेशी नावांचा आहे.

सूचीघर

राहू दे रे, प्रश्न बरोबर आहे. बोल्लीताई, तुमच्या नावात उपसर्ग नाही, पण गाठ तीच. घराण्याचं नाव कुठलं हे यंत्राला जागेवरून कळत नाही, ते माहीत असावं लागतं. सूचीत घराचं नाव जसं पुढे आहे तसंच ठेवायचं. फक्त ते आधीच पुढे असल्यामुळे उलटवायचं नाही. कागदपत्रांचं मात्र मला सांगता येणार नाही, ते काम वेगळ्या खात्याचं.

बोल्लीताई

ठीक. ‘उलटवायचं नाही’ एवढं तरी भावाला सांगते.

अशोकपत्री

अरबी नावांकडे कोणी वळलंच नाही. चाटीगल्ली, ‘अल’ काढलास का?

चाटीगल्ली

काढला आणि मार खाल्ला. काल रात्री एक भाचा आला होता, कॉम्प्युटरचं शिकतो. म्हणाला मामा एका फॉर्म्युल्यात सगळे अल उडवतो. त्याने शेजारच्या कॉलममध्ये हे टाकलं आणि खाली ओढलं:

```
=SUBSTITUTE(A2,"अल","")
```

अल-बिरूनीचं ‘-बिरूनी’ झालं, ते ठीक, डॅश नंतर काढला असता. पण अलाउद्दीनचं ‘ाउद्दीन’ झालं. नुसता काना, त्याच्या आधी ठिपक्यांचं गोल वर्तुळ. एका जागी सरांनी अल्बुकर्क असं लिहिलं होतं, त्याचं ‘्बुकर्क’ झालं, हलंत चिन्ह पोरकं. अली आदिलशहा तर नुसता ‘ी आदिलशहा’. सॉर्ट केल्यावर ही सगळी मंडळी गोळा होऊन यादीच्या टोकाला बसली. सरांनी प्रूफ बघून विचारलं, “हे कोण रे, विजापूरचा नवा सुलतान?”

भाकरीतज्ज्ञ

😂😂 ी आदिलशहा पहिला!

अशोकपत्री

भाच्याचा दोष निम्माच. त्याने निदान ‘अल-’ असं डॅशसकट शोधायला हवं होतं. पण तसं केलं असतं तरी ‘अर-राझी’ आणि ‘अत-तबरी’ सुटले असते. तेही ‘अल’च आहेत. अरबीत र, त, स, न अशा काही अक्षरांच्या आधी अलमधला ल उच्चारात त्या अक्षरासारखा होतो. कुणी उच्चाराप्रमाणे लिहितं, कुणी ‘अल-तबरी’ लिहितं. एकाच पुस्तकात दोन्ही रूपं आली की यंत्राला ती दोन माणसं वाटतात. राझी र मध्ये आणि तबरी त मध्ये जायला हवेत, मग आधी अर लिहा नाहीतर अल.

‘अल’ सोडायचा कारण तो इंग्रजी ‘द’सारखा आहे, नावाला लागलेलं शेपूट. छापताना ठेवायचा, लावताना वगळायचा. पण ‘इब्न’ तसा नाही. इब्न बतूता इ मध्येच. इब्न म्हणजे मुलगा. नुसतं ‘बतूता’ केलंत तर तुम्ही त्याच्या पूर्वजाला सूचीत घातलंत, प्रवास मात्र हा करून आला.

आणि सगळ्यात जास्त घोटाळा ‘अब्द’चा. अब्दुर रझाक समरकंदी, जो १४४३ मध्ये विजयनगरला आला. हे मूळ ‘अब्द अल-रझाक’. मधे अल आहे म्हणून काही जण ‘रझाक, अब्दुर’ करतात. चूक. अब्द म्हणजे सेवक, रझाक हे ईश्वराचं नाव. दोन्ही मिळून एक नाव. तोडलंत की माणसाचं नाव ईश्वराचं होतं. म्हणून अ मध्येच, ‘अब्दुर रझाक समरकंदी’.

हे आपल्या सोलापुरातच उपयोगी पडतं. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेलेल्या चौघांत अब्दुल रसूल कुर्बान हुसेन होते. बऱ्याच सूच्यांत ते ‘रसूल’ खाली, कुठे ‘हुसेन’ खाली. एका पुस्तकात मी ‘हुसेन, कुर्बान’ आणि ‘अब्दुल रसूल’ असे दोन वेगळे माणूस पाहिले, दोघांपुढे वेगवेगळी पानं.

नवीपेठकर

मग कुर्बान हुसेन कशाखाली लावायचे?

अशोकपत्री

लोक त्यांना कुर्बान हुसेन म्हणतात, म्हणून मी क मध्ये लावेन आणि अ मध्ये ‘अब्दुल रसूल कुर्बान हुसेन, पाहा कुर्बान हुसेन’ अशी एक ओळ टाकेन.

सूचीघर

माझं मत इथे वेगळं आहे. मी पूर्ण नाव अ मध्ये घेऊन क मध्ये ‘पाहा’ टाकेन. पण ‘पाहा’ असला की वाचक पोचतो, म्हणून भांडत नाही.

अशोकपत्री

भांडलात तरी चालेल, पण हुसेनखाली नको एवढं मान्य करा.

सूचीघर

मान्य.

पीएचडी_चालूच

मला या धाग्यावर यायला उशीर झाला, पण माझी एक गंमत सांगते. माझा प्रबंध इंग्रजीत आहे, संदर्भ झोटेरो या संदर्भयादी करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये. गाइडनी सांगितलं शैली बदला, मी एक टिचकी मारली आणि V मधले सगळे व्हान उठून G, L, P मध्ये विखुरले. मला वाटलं डेटाबेस फाटला. दोन दिवस शोधल्यावर कळलं की शैलीच्या फाइलमध्ये `demote-non-dropping-particle` नावाचं एक ठिकाण असतं. तिथे `never` असेल तर व्हान पुढे राहतो आणि V मध्येच लागतो. `display-and-sort` असेल तर ‘Gogh, Vincent van’ होतो. आणि `sort-only` असेल तर सगळ्यात विचित्र: छापताना van Gogh दिसतो पण बसतो G मध्ये. परीक्षकाला वाटतं विद्यार्थिनीला एबीसीडी येत नाही.

प्रूफवाचक

डी मॉर्गनसारख्यांचं काय करता तिथे?

पीएचडी_चालूच

आडनावाच्या चौकटीत De मोठ्या अक्षराने लिहायचं. झोटेरो छोट्या अक्षराने सुरू होणारा शब्दच उपसर्ग धरतं. तरी एखादं छोट्या अक्षराचं आडनाव अख्खं ठेवायचं असेल तर त्याला दुहेरी अवतरणात घालायचं, `"van der Something"` असं. तुम्ही मोठं-छोटं म्हणालात ना, अगदी तेच. आता मला कळलं मराठी संदर्भयादीत झोटेरो का हात टेकतं. देवनागरीत त्याला काहीच खूण नाही, ‘व्हान’ आडनावाच्या चौकटीत टाकला की तो पक्का चिकटला.

गड्ड्यावरचा

बिन लादेनबद्दल कोणीच बोलत नाहीये. ब की ल?

अशोकपत्री

ब. तिथे ‘बिन लादेन’ हे घराण्याचं नाव होऊन बसलंय. पण मलेशियाचे महाथिर बिन मोहम्मद म मध्ये, तेही महाथिरच्या म मध्ये, मोहम्मदच्या नाही. तिथे आडनावच नाही. बिन मोहम्मद म्हणजे मोहम्मदचा मुलगा, आपल्या मधल्या नावासारखं. आपण ‘सचिन रमेश’ला रमेशखाली लावतो का?

मोडीवाले_आजोबा

बिनचं नाव निघालं म्हणून लिहितो. मी मोडी कागद वाचतो. आपल्याच दप्तरांत बिन पानोपानी आहे. ‘राणोजी बिन सटवाजी पाटील’. महजरात सही करणाऱ्यांची रांग अशीच असते. काही कागदांत बिनऐवजी ‘वल्द’. अर्थ तोच, अमक्याचा मुलगा. आमच्याच एका छापील सूचीत कुणीतरी हे सगळे कुलकर्णी-पाटील ‘बिन’खाली घातले होते. दोन पानं नुसते बिन. वाचणाऱ्याला वाटावं गावात बिन नावाचं मोठं घराणं होतं.

भाकरीतज्ज्ञ

आणि निवडणुकीत सगळे बिनविरोध आले.

मोडीवाले_आजोबा

हसा. पण अशा नावात हुद्दा असतो, आडनाव नसतं. ‘पाटील’ तिथे आडनाव आहे की वतन हे कागद पुढे वाचल्याशिवाय कळत नाही. मी अशांना स्वतःच्या नावाखाली लावतो. राणोजी बिन सटवाजी, र मध्ये. बिन जागच्या जागी, काढत नाही, कारण त्याच गावात दुसरा राणोजी असतोच आणि त्याला वेगळा करायला बापाचं नावच लागतं.

चाटीगल्ली

आजोबा, सरांच्या यादीत असे नऊ निघाले! मी त्यातले सहा ‘पाटील’ आणि तीन ‘बिन’ केले होते. आत्ताच दुरुस्त केले.

आता मी काय केलं ते सांगतो, कुणी चूक काढा. एक्सेलमध्ये दोन कॉलम केले. पहिल्यात जे छापायचं ते, दुसऱ्यात ज्यावर लावायचं ते. सॉर्ट दुसऱ्यावर, छपाई पहिल्याची. भाच्याचा फॉर्म्युला पुसला, दुसरा कॉलम हाताने भरला. ४१२ मधल्या ३८ नावांतच उपसर्ग होते, बाकीच्यांना दोन्हीकडे तेच. म्हणून तासाभरात झालं. नमुना:

‘गामा, वास्को द’ छापायचं, ‘गामा वास्को’वर लावायचं. ‘अल-बिरूनी’ छापायचं, ‘बिरूनी’वर लावायचं. ‘देल्ला वाल्ले, पिएत्रो’ दोन्हीकडे तसंच. ‘इब्न बतूता’ तसंच. ‘अब्दुर रझाक समरकंदी’ तसंच. ‘डी मॉर्गन’ या पुस्तकात नाही, सुटलो.

सूचीघर

हेच बरोबर. फक्त एक बघा, अल-बिरूनी असा ब मध्ये छापलात तर ओळीचं पहिलं अक्षर अ दिसतं आणि ती बकऱ्यांत उंट उभा राहावा तशी दिसते. चालतं, बरेच तसंच छापतात. नाहीतर ‘बिरूनी, अल-’ करा. काहीही करा, मसूदीलाही तेच करा.

प्रूफवाचक

आणि मराठीत त्याला ‘अल्बेरूनी’ एक शब्दात लिहिणारे पुष्कळ आहेत. शाळेच्या पुस्तकांतून आलेला वाचक अ मध्येच जाणार. ‘अल्बेरूनी, पाहा बिरूनी’ हवंच.

डी बॉइनचं तर विचारू नका. मी आजवर डी बॉइन, द बॉयन, दि बॉईन, डीबॉयन असं वाचलंय. उपसर्ग पुढे ठेवला असता तर तो ड आणि द दोन्हीकडे पसरला असता. मागे टाकला की निदान ब मध्ये सगळी रूपं शेजारी येतात. उपसर्ग सोडण्याचा हा फायदा मराठीत इंग्रजीपेक्षा जास्त आहे, कारण उपसर्गाचंच लेखन आपल्याकडे सगळ्यात सैल आहे. व्हान, व्हॅन, वान, फान.

नवीपेठकर

फान?

प्रूफवाचक

डच उच्चार त्याच्या जवळ जातो. काही चोखंदळ अनुवादक व्हॅन गॉगला ‘फान खोख’ लिहितात. मग उपसर्ग सोडूनही तो ग आणि ख मध्ये फिरतोच. तिथे ‘पाहा’शिवाय सुटका नाही.

नवीपेठकर

ठीक आहे, हरलो. पण वास्को द गामा मला अजून पटत नाही. चौथीपासून आपण ‘वास्को-द-गामा’ एका दमात म्हणतो. मराठी वाचक त्याला व मध्ये शोधणार. लिओनार्दो द विंचीला तर तुम्हीही ल मध्येच लावता ना?

सूचीघर

लिओनार्दोचं वेगळं. विंची हे गाव, आडनाव नाहीच, म्हणून तो स्वतःच्या नावाखाली. ‘पैठणचे एकनाथ’ तसं. गामा हे खरंच घराण्याचं नाव होतं. सूचीत गच्या घरात राहील.

नवीपेठकर

पुस्तक लिस्बनला विकायचंय की बाळीवेशीत?

गड्ड्यावरचा

+१. या धाग्यावर पहिल्यांदा नवीपेठकरांशी सहमत.

अशोकपत्री

मीही थोडा नवीपेठकरांकडे झुकतो. मूळ तत्त्वच असं की शोधणारा जिथे जाईल तिथे लावा. इथे शोधणारा मराठी आहे.

सूचीघर

मग उद्या कोलंबसला ‘ख्रि’ मध्ये लावा. शाळेत ‘ख्रिस्तोफर कोलंबस’ पण एका दमातच म्हणतो आपण.

चाटीगल्ली

भांडू नका, मी सरांनाच विचारलं. सर म्हणाले गामा ग मध्ये, आणि व मध्ये ‘पाहा’. मग ‘पाहा’च्या ओळी मोजल्या: अल्बेरूनी, वास्को, अब्दुल रसूल, व्हान लिन्सखोटन, डी बॉइन धरून एकूण १४. सूची दोन कॉलममध्ये आठ पानांत बसली होती. या चौदा ओळींनी ती नवव्या पानावर तीन ओळी गेली. प्रिंटर म्हणतो आठ पानांचा फॉर्म आहे, नववं पान घेतलं तर मागे सात कोरी जातील नाहीतर टाइप अर्ध्या पॉइंटने कमी कर.

भाकरीतज्ज्ञ

सात कोऱ्या पानांवर शेंगाचटणीची पाककृती छापा. विक्री वाढेल.

प्रूफवाचक

टाइप कमी करू नका, सरांच्या वयाचे वाचक आहेत. एकाच माणसाची पानं सलग असतील तर ‘४५, ४६, ४७’ऐवजी ‘४५-४७’ करा. तीन ओळी तिथेच वाचतील.

चाटीगल्ली

केलं. पाच ओळी वाचल्या! आठव्या पानावर दोन ओळींची जागा उरली.

एक राहिलंय. सरांच्या हस्ताक्षरात एक नाव ‘डी सोझा’ आहे, तळटीपेत, फक्त आडनाव, पुढेमागे काही नाही. गोव्याचा असावा की आणि कुठला ते सरांनाही आठवत नाही. स की ड?

सूचीघर

पोर्तुगालचा असेल तर स. गोव्या-मुंबईचा, इंग्रजीत डिसोझा लिहिणारा असेल तर ड. तळटीप कुठल्या सालची आहे?

चाटीगल्ली

साल पण सरांनी लिहिलेलं नाही. उद्या सकाळी जाऊन वही बघतो.

भाकरीतज्ज्ञ

पैसे पण माग तेवढ्यात.